रेडिओ जाहिरातीतली कायदेशीर सूचना 8 सेकंदांत, पण कळेल अशी कशी वाचावी?

रेवती_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका छोट्या जाहिरात संस्थेत काम करते. रेडिओच्या जाहिराती लिहिते आणि बऱ्याचदा आवाजही माझाच असतो. आत्ता एका दुचाकी शोरूमची दसरा-दिवाळीची जाहिरात हातात आहे. 30 सेकंदांची. मुख्य ओळ अशी: "फक्त 4,999 भरा, स्कूटर घरी न्या!" शेवटी वाचायला शोरूमच्या वकिलांनी पुढचा मजकूर पाठवला आहे:

"सदर योजना निवडक मॉडेल्सवर मर्यादित कालावधीकरिता उपलब्ध. कर्जमंजुरी वित्तपुरवठा संस्थेच्या पूर्णतः स्वेच्छाधिकाराधीन. नोंदणी शुल्क, विमा व प्रक्रिया शुल्क डाउन पेमेंटमध्ये समाविष्ट नाही. विक्रेता कोणतीही पूर्वसूचना न देता योजनेत बदल करण्याचा अथवा ती रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवतो. अटी व शर्ती लागू."

41 शब्द आहेत आणि माझ्याकडे त्यासाठी 8 सेकंद. नेहमीच्या वेगात वाचलं तर 18 सेकंद लागतात. जीव तोडून वाचलं तेव्हा 11 वर आलं, पण ते माझं मलाच कळलं नाही. संपादनात वेग वाढवून 8 मध्ये बसवलं आणि सासूबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "शेवटी कोण भांडतंय?"

मला हे असं द्यायचं नाहीये. आमच्याकडे रेडिओ ऐकणारी माणसं द्राक्षबागेत, वर्कशॉपमध्ये, रिक्षात असतात. त्यांना ही सूचना खरंच कळावी असं वाटतं. कुणी असं काम केलंय का?

---

गोदाकाठ

ताई, जिभेला वळण लावा. आम्ही नाटकात असताना रोज सकाळी "काळे राळे गोरे राळे" पन्नास वेळा म्हणायचो. "चटईला टाचणी टोचली" हेही घ्या. दात आणि जीभ मोकळी झाली की वेग आपोआप येतो. महिनाभर करून बघा.

---

रेवती_सांगली

धन्यवाद दादा, सराव मी करतेच. पण अडचण माझ्या जिभेची नाहीये. मी भरभर म्हणू शकते, ऐकणाऱ्याला ते भरभर ऐकता येत नाही.

---

निफ्टीकर

इतकी काळजी कशाला? कायद्याने 5 सेकंद पुरतात. म्युच्युअल फंडाची ओळ बघा ना, सेबीचा नियमच आहे: 5 सेकंद वाचली की स्पष्ट आणि समजेल अशी धरायची. तुमच्याकडे तर 8 आहेत.

---

जुना_ध्वनिमुद्रक

निफ्टीकर, नियम तुम्हाला आठवतोय, पण अर्धाच. सेबीच्या 1996 च्या म्युच्युअल फंड विनियमांतल्या जाहिरात संहितेत उदाहरण होतं ते 14 शब्दांचं, निदान 5 सेकंद. ते त्या एका ठरलेल्या इंग्रजी इशाऱ्यासाठी होतं. 41 शब्दांच्या स्कूटरच्या सूचनेला ते लावता येत नाही. त्याच हिशेबाने गेलात तरी 41 शब्दांना 15 सेकंदांच्या आसपास लागतील.

आणि शब्द मोजणं हे मराठीत मुळातच फसवं माप आहे. मी चोवीस वर्षं रेकॉर्डिंगच्या काचेमागे बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तोच म्युच्युअल फंडाचा इशारा घ्या. इंग्रजीत 14 शब्द. मराठीत "म्युच्युअल फंड गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन आहे, योजनेशी संबंधित सर्व दस्तऐवज काळजीपूर्वक वाचा" असं म्हटलं की 13 शब्द. कागदावर एक शब्द कमी. पण तोंडाने उच्चारताना पडणारे ठोके मोजा, जसे "बाजारातील" म्हणजे बा-जा-रा-तील, चार ठोके. इंग्रजीत 26 पडतात आणि मराठीत पस्तीस-छत्तीस. आपण प्रत्यय शब्दाला चिकटवतो, म्हणून एकेक शब्द लांब होतो. म्हणजे इंग्रजी ओळ 5 सेकंदांत सेकंदाला पाच ठोक्यांनी आरामात जाते आणि मराठी ओळ तेवढ्याच वेळात सात ठोक्यांनी पळवावी लागते. मराठी इशारा नेहमी घाईत वाटतो तो म्हणून. वाचणाऱ्याचा त्यात दोष नसतो.

माझा अनुभव असा की मराठीत सेकंदाला साडेपाच ठोके म्हणजे निवांत बोलणं. साडेसहापर्यंत वेग वाढला तरी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळतं. सातच्या पुढे ओळखीचं वाक्य असेल तरच कळतं, कारण तिथे कान ऐकत नाही, आठवतो. म्युच्युअल फंडाची ओळ त्यामुळे चालून जाते. रेवतीताई, तुमची सूचना लोक आयुष्यात पहिल्यांदा ऐकणार आहेत.

तुमच्या मजकुरात मी मोजले तर 115 च्या आसपास ठोके आहेत. 8 सेकंदांत बसवायचे तर सेकंदाला चौदा. असं कुणीच वाचू शकत नाही आणि कुणी वाचलं तरी ऐकू शकत नाही. 8 सेकंदांत तुमच्या हातात फार तर 52 ठोके आहेत. वाचायच्या आधी लिहिण्याचं काम करावं लागेल.

---

रेवती_सांगली

ठोक्यांचं मला कधी सुचलंच नव्हतं! मी आजवर शब्दच मोजत आले. मग "स्वेच्छाधिकाराधीन" या एका शब्दातच सहा ठोके गेले की.

---

जुना_ध्वनिमुद्रक

बरोबर. आणि जोडाक्षरं निराळी. "स्वेच्छा", "प्रक्रिया शुल्क", "समाविष्ट" अशा ठिकाणी वेग वाढवला की व्यंजन गिळलं जातं. "शुल्क"चा "शुल" होतो. यंत्राने वेग वाढवला की तर आणखीच. स्वर आखडतात तसे क, ट, प हे आधीच छोटे असलेले आवाज पार नाहीसे होतात. मी पाच-सात टक्क्यांच्या पुढे कधी जात नाही. तुम्ही 11 चे 8 केलेत म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के वेग वाढवलात. सासूबाईंना भांडण ऐकू आलं ते त्यामुळे.

---

शिरोळची_सुमन

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी रेडिओवर अशीच जाहिरात ऐकली आणि ठरलेले पैसे खिशात घालून गाडी आणायला गेले. तिथे गेल्यावर कळलं की नोंदणी आणि विमा धरून आणखी बारा-तेरा हजार लागतात. ते म्हणत होते, "रेडिओवर विमा धरलाय असंच सांगितलं होतं." आम्ही पुन्हा जाहिरात लागल्यावर कान देऊन ऐकलं. शेवटी "विमा समाविष्ट नाही" असं होतं, पण "नाही" जवळजवळ ऐकूच येत नव्हतं, लगेच गाणं सुरू व्हायचं. आता त्यांना तक्रार करता येईल का? ते अजून त्याच्याबद्दल बोलत नाहीत, वाईट वाटलं त्यांना.

---

वकील_सातारा

सुमनताई, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. जाहिरात कोणत्या केंद्रावर, कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता ऐकली हे लिहून ठेवा. शोरूममध्ये दिलेलं कोटेशन असेल तर ते जपून ठेवा. निकाल काय लागेल ते इथून सांगणं बरोबर होणार नाही.

---

जुना_ध्वनिमुद्रक

सुमनताई, तुमच्या सासऱ्यांनी चुकीचं ऐकलं नाही. मराठी वाक्यात नकार सगळ्यात शेवटी येतो. वाचणाऱ्याचा दम नेमका तिथेच संपतो, आवाज खाली उतरतो आणि संपादक पुढचं संगीत तिथेच चढवायला लागतो. "विमा समाविष्ट नाही" मधला "नाही" बुडाला की उरतं "विमा समाविष्ट". अर्थ उलटा झाला. इंग्रजीत नकार बहुधा वाक्याच्या मधोमध असतो, तिकडे हा धोका इतका नाही.

म्हणून घाईच्या मजकुरात मी "नाही"वर संपणारं वाक्य ठेवूच देत नाही. "विमा समाविष्ट नाही"ऐवजी "विमा वेगळा". शेपूट तुटली तरी "विमा वे..." एवढ्याने माणूस सावध होतो.

---

रेवती_सांगली

सुमनताई, वाचून पोटात कालवलं. मी आजवर किती जाहिरातींत "समाविष्ट नाही" म्हटलं असेल.

काकांनी सांगितल्याप्रमाणे बसून लिहिलं. बघा जमतंय का:

"कर्ज द्यायचं की नाही, हे फायनान्स कंपनी ठरवणार. नोंदणी, विमा आणि फाइल चार्ज वेगळा. ठरावीक गाड्यांवर, 31 ऑक्टोबरपर्यंत. बाकीच्या अटी शोरूममध्ये."

मोजले तर 52 ठोके. घड्याळ लावून वाचलं तर 8 सेकंदांत बसलं, दम न लागता. "प्रक्रिया शुल्क"ला आमच्याकडे सगळे फाइल चार्जच म्हणतात म्हणून तसंच ठेवलं.

---

वकील_सातारा

भाषा चांगली झाली आहे, पण दोन गोष्टी सांगतो. एक तुमच्या सोयीची आहे, एक गैरसोयीची.

सोयीची आधी. "स्वेच्छाधिकाराधीन" लिहिल्याने कायदेशीर बळ वाढतं आणि "फायनान्स कंपनी ठरवणार" म्हटल्याने घटतं, असं नाही. कर्ज मिळेलच असं वचन तुम्ही देत नाही, एवढं कळणं महत्त्वाचं.

गैरसोयीची ही, की तुमची खरी अडचण सूचनेत नसून मुख्य ओळीत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 9 जून 2022 ची. त्यांत सूचनेबद्दल स्वतंत्र कलम आहे. सूचनेने दाव्याचा खुलासा करायला हरकत नाही, पण दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करण्यासाठी सूचनेचा आधार घेता येत नाही. "फक्त 4,999 भरा, स्कूटर घरी न्या" हे ऐकून माणूस काय समजतो? सुमनताईंचे सासरे समजले तेच. 4,999 मध्ये गाडी घरी येणार नसेल, तर शेवटी कितीही स्वच्छ वाचलंत तरी ते त्या ओळीचं खंडन होतं.

आणखी एक. त्याच कलमात म्हटलंय की दावा आवाजात असेल तर सूचना त्या आवाजाच्या जोडीने आणि मूळ दाव्याच्याच वेगाने यावी. म्हणजे दावा निवांत आणि सूचना धावती, हे तत्त्वांना धरून नाही.

---

निफ्टीकर

वकीलसाहेब, पण त्यात सूचना "दाखवण्याबद्दल" लिहिलंय ना? म्हणजे टीव्हीच्या पडद्यावरची अक्षरं. रेडिओवर काय दाखवणार? मग रेडिओला ते लागूच होत नाही.

---

वकील_सातारा

शब्दयोजना पडद्याकडे झुकणारी आहे, हे मान्य. पण ही तत्त्वं जाहिरातीचं रूप, स्वरूप किंवा माध्यम कोणतंही असलं तरी लागू आहेत, तेव्हा रेडिओ बाहेर राहतो असं मी म्हणणार नाही. "त्याच वेगाने" याचा रेडिओपुरता नेमका अर्थ किती ताणायचा, यावर वाद घालता येईल. माझ्या पक्षकाराला मी तो धोका पत्करायला सांगणार नाही.

---

निफ्टीकर

मला अजून पटलेलं नाही, पण मुद्दा लक्षात आला. 5 सेकंदांचं मी चुकीचं लावलं होतं, ते मागे घेतो.

---

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत गाडी चालवताना रोज ऐकतो, लीजच्या जाहिरातींच्या शेवटी माणूस एका श्वासात पाऊण पान वाचतो. गंमत अशी की इथल्या लीजच्या नियमांत रेडिओसाठी सवलत आहे: थोडी मुख्य माहिती जाहिरातीत सांगायची आणि बाकीची टोल-फ्री नंबरवर द्यायची. तरी लोक धावतं वाचतातच. तुमच्याकडे तसा नंबर देता येईल का?

---

जुना_ध्वनिमुद्रक

एडिसनकर, दहा आकड्यांचा मोबाइल नंबर मराठीत वाचायला चार-पाच सेकंद जातात आणि रिक्षात बसलेला माणूस तो लिहून घेत नाही. "बाकीच्या अटी शोरूममध्ये" हे जास्त कामाचं, कारण ऐकणारा शोरूममध्येच जाणार आहे. फक्त तिथे त्या अटी खरंच भिंतीवर लागलेल्या हव्यात, मराठीत.

रेवतीताई, वकीलसाहेबांचं ऐकून तुम्ही घाबरू नका. त्यांच्या मुद्द्याने तुमचं वेळेचं गणितही सुटतं. खर्चाची ओळ सूचनेतून उचला आणि मुख्य ओळीला जोडा, मुख्य आवाजात, त्याच वेगात:

"डाउन पेमेंट फक्त 4,999. नोंदणी, विमा आणि फाइल चार्ज वेगळा."

खालच्या सूचनेतून 13 ठोके गेले, उरले 39. ते 6 सेकंदांत साडेसहाच्या वेगाने जातात. हवं तर 7 सेकंद द्या, मग तुमचा बोलण्याचा वेग आणि सूचनेचा वेग एकच होईल आणि निफ्टीकर-वकीलसाहेबांचा वाद तुमच्यापुरता मिटेल.

वर नेलेल्या ओळीसाठी वेळ कुठून आणायचा? तुमची किंमत बघा. "चार हजार नऊशे नव्व्याण्णव" म्हणजे नऊ-दहा ठोके आणि त्यात "नव्व्याण्णव" हा जिभेचा डोंगर. "पाच हजारांच्या आत" सहा-सातात होतं. जाहिरातीत किंमत तीनदा येत असेल तर पहिल्यांदा पूर्ण आकडा सांगा, नंतर "पाच हजारांच्या आत". एक सेकंद तरी तिथेच सुटला.

---

रेवती_सांगली

किंमत तीनदाच आहे! शिवाय सुरुवातीला 5 सेकंदांची धून आहे, ती 3 वर आणता येईल. शोरूमचे मालक 40 सेकंदांची जाहिरात करायला तयार नाहीत, कारण एफएमचा दर 10 सेकंदांवर असतो आणि दिवसाला बारा वेळा वाजणार आहे. म्हणून 30 मध्येच बसवायचं आहे.

रेकॉर्डिंगबद्दल काही सांगाल का? सूचना वेगळ्या आवाजात घ्यावी का?

---

जुना_ध्वनिमुद्रक

दुसरा आवाज घ्यायला हरकत नाही. आवाज बदलला की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. पण तो मुख्य आवाजाइतकाच जवळून आणि तितक्याच मोठ्याने घ्या. दूर बसवलेला, पातळ केलेला आवाज म्हणजे "याकडे लक्ष देऊ नका" असं सांगणं.

श्वास आधी ठरवा. तुमच्या नव्या मजकुरात तीन वाक्यं उरली. प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्या आणि संपादनात तो श्वास कापा, पण जागा पूर्ण बुजवू नका. पाव सेकंद मोकळा राहू द्या. बरेच जण वेळ वाचवायला हीच जागा आधी बुजवतात आणि मग वाक्य कुठे संपलं तेच कळत नाही. वेळ कापायचाच असेल तर शब्द कापा, ती जागा कापू नका.

खालचं संगीत सूचनेच्या वेळी बंदच करा. मालक ऐकत नसतील तर चांगलं खाली घ्या आणि ढोल-झांज तरी काढा. दसऱ्याच्या जाहिरातीत झांज असतेच आणि ती नेमकी स, श, च यांच्या अंगावर येते. शेवटचा शब्द पूर्ण संपल्यावर अर्धा सेकंद थांबून मग नावाची धून.

आकडे असतील तर कान देऊन तपासा. "सहा" आणि "दहा", "सात" आणि "साठ" गाडीच्या आवाजात एकच होतात. तुमचा "एकतीस ऑक्टोबर" तसा सुरक्षित आहे, पण "दिवाळीपर्यंत" म्हणू नका. दिवाळी कोणाची भाऊबीजेला संपते, कोणाची तुळशीच्या लग्नाला.

आणि स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर ऐकून निर्णय घेऊ नका. फोनवर घ्या, चालत्या रिक्षात बसा आणि ज्याने मजकूर वाचलेला नाही अशा माणसाला एकदाच ऐकवा. "कळलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "गाडी आणायला जाताना 4,999 शिवाय कशाकशाचे पैसे न्याल?"

---

शिरोळची_सुमन

हा प्रश्न आमच्या सासऱ्यांना कुणी विचारला असता तर बरं झालं असतं.

---

रेवती_सांगली

चार दिवसांनी लिहितेय. मालकांशी बोलले. सुरुवातीला "खर्चाची ओळ वर घेतली तर गिऱ्हाईक पळेल" म्हणाले. मी त्यांना सुमनताईंची गोष्ट सांगितली, नाव-गाव न घेता. मग त्यांचे सेल्समन मध्ये बोलले, की निम्मी माणसं काउंटरवर येऊन याच गोष्टीवरून परत जातात. त्यावर मालक तयार झाले.

आता जाहिरात अशी आहे: 3 सेकंद धून, मग मुख्य मजकुरात "डाउन पेमेंट फक्त 4,999. नोंदणी, विमा आणि फाइल चार्ज वेगळा", दोनदा "पाच हजारांच्या आत", आणि शेवटी 7 सेकंदांत:

"कर्ज द्यायचं की नाही, हे फायनान्स कंपनी ठरवणार. ठरावीक गाड्यांवर, 31 ऑक्टोबरपर्यंत. बाकीच्या अटी शोरूममध्ये."

एक गोष्ट अडली आहे. त्यांचे वकील "पूर्वसूचना न देता योजना बदलण्याचा अधिकार" सोडायला तयार नाहीत. मी म्हटलं तारीख सांगितली आहे, मग अधेमधे बदलायचं कशाला? ते म्हणतात साठा संपला तर काय करायचं.

---

वकील_सातारा

साठ्याची काळजी खरी आहे. मग "साठा असेपर्यंत" म्हणा, दोन शब्द. पण तारीख जाहीर करून "कधीही बदलू" हा अधिकार शोरूमच्या भिंतीवर ठेवला तरी तो टिकेल का, यावर माझं मत त्यांच्यासारखं नाही. दोन वकील दोन मतं देणारच. निर्णय त्यांच्या पक्षकाराचा.

---

जुना_ध्वनिमुद्रक

"साठा असेपर्यंत" सहा ठोके. एक सेकंद. "ठरावीक गाड्यांवर"च्या आधी घाला, म्हणजे तारीख शेवटी मोकळी राहील.

---

रेवती_सांगली

घातलं. नावाच्या धूनीतून तो सेकंद काढला. काल संध्याकाळी विश्रामबागहून स्टँडपर्यंत रिक्षाने गेले आणि रिक्षावाल्या दादांना फोनवर एकदाच ऐकवलं. काकांनी सांगितलेला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "पासिंगचे, इन्शुरन्सचे, आणि ते फाइलचे." मग जरा थांबून, "आणि लोन होईलच असं नाही, तेव्हा आधी विचारून जायला पाहिजे."

वकिलांचा होकार अजून यायचा आहे. आला की कळवते.